डब्यातल्या उरलेल्या कॅप्सूल

पुष्कळ घरांत फळीवर औषधांचा एक डबा असतो. मागच्या दुखण्यातल्या चार-दोन कॅप्सूल त्यात उरलेल्या असतात. कुणाला ताप आला की आजी म्हणते, "अगं, त्याच दे की! मागं लगेच गुण आला होता." पण मित्रांनो, तसे करू नये. का, ते पाहू.

ताप हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे. घशात जीवाणू वाढले तरी ताप येतो, डेंग्यूच्या विषाणूनेही येतो. कपाळाला हात लावला तर दोन्ही ताप सारखेच लागतात. ॲमॉक्सिसिलिनसारखी कॅप्सूल मात्र फक्त जीवाणूंवर चालते. जीवाणूच्या अंगाभोवती एक भिंत असते. हे औषध ती भिंत नीट बांधू देत नाही, म्हणून जीवाणू फुटून मरतो. विषाणूला अशी भिंतच नसते. मग औषध काम करणार कशावर?

समजा, पोळ्याच्या सुमारास गणूला डेंग्यूचा ताप चढला. गेल्या वर्षी घसा सुजला होता, तेव्हाच्या चार कॅप्सूल आईने त्याला दोन दिवस दिल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला. सगळे म्हणाले, "बघा, गुण आला!" गणू खेळायला गेला.

खरे म्हणजे डेंग्यूचा ताप बहुधा तीन ते सात दिवसांत आपोआप उतरतो. कॅप्सूलने काहीच केलेले नसते. आणि धोक्याचे एक-दोन दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात. काही रोग्यांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागते. पोटात खूप दुखते, सारख्या उलट्या होतात, हिरड्यांतून रक्त येते, हातपाय गार पडतात, मूल मलूल होते. यातले एक जरी दिसले, तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. पण गुण आला असे समजून घरचे निर्धास्त बसले, तर हीच वेळ हातची जाते.

"पण ताप जीवाणूंचाच असला तर?" असे कोणी विचारील. समजा, तो टायफॉईड आहे. चार कॅप्सूलने थोडे जीवाणू मरतात, चिवट मागे राहतात. शिवाय रक्त तपासले तर जीवाणू सापडत नाहीत, असेही होते. मग डॉक्टरांनी रोग ओळखायचा कसा?

म्हणून ताप आला की प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. आशाताई बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिवताप आहे का, ते तपासतात. उरलेली कॅप्सूल आधीच घेतली असेल, तर न लाजता डॉक्टरांना सांगावे. आणि आज घरी गेल्यावर आईबाबांना विचारा, आपल्या डब्यात काय काय उरले आहे?