हायड्रोजनवर धावणारी विजेची गाडी

हायड्रोजनच्या मोटारीत इंजिन नसते आणि हायड्रोजन जाळलाही जात नाही. चाके फिरवते ती विजेची मोटरच, बॅटरीच्या गाडीत असते तशीच. फरक आहे तो वीज कुठून येते यात. बॅटरीची गाडी बाहेर तयार झालेली वीज साठवून नेते, तर हायड्रोजनची गाडी लागेल तशी वीज वाटेतच तयार करते. हे काम करणाऱ्या उपकरणाला इंधन घट किंवा फ्युएल सेल म्हणतात. त्यामागचे तत्त्व विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास दाखवून दिले होते.

घटाच्या मध्यभागी प्लास्टिकसारखे एक अतिशय पातळ पटल असते. त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमच्या सूक्ष्म कणांचा थर दिलेला असतो. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा. प्लॅटिनमच्या सान्निध्यात हायड्रोजनच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि प्रोटॉन उरतात. पटल प्रोटॉनना पलीकडे जाऊ देते, इलेक्ट्रॉनना मात्र अडवते. मग इलेक्ट्रॉनना बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावे लागते. हा वळसा म्हणजेच विजेचा प्रवाह. पलीकडे पोहोचल्यावर प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन पाणी तयार होते.

अशा एका घटातून गाडी चालत असताना जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्टचा दाब मिळतो, म्हणजे घड्याळातल्या सेलच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून घट एकाला एक लावून त्यांची चळत रचतात. टोयोटाच्या मिराई या गाडीच्या २०२० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत असे ३३० घट आहेत आणि चळतीची कमाल शक्ती १२८ किलोवॉट आहे. मोटरला लागणारा दाब इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्याहून वर चढवून देते.

पाणी हा या घटाचा सर्वांत नाजूक भाग आहे. पटल ओले असेल तरच त्यातून प्रोटॉन सहज जातात. ते कोरडे पडले की रोध वाढतो आणि वीज घटते. उलट पाणी साचले तर हवेच्या वाटा तुंबतात. दोन्ही बिघाड घटांचा व्होल्टेज घसरल्यावरून कळतात. हायड्रोजनही अत्यंत शुद्ध लागतो, कारण त्यात किंचित कार्बन मोनॉक्साइड असला तरी तो प्लॅटिनमला चिकटून बसतो आणि हायड्रोजनला जागा उरत नाही.

हायड्रोजनच्या गाडीतही बॅटरी असते, पण लहानशी. घट वीज देऊ शकतो, परत घेऊ शकत नाही. ब्रेक लावताना मिळणारी वीज साठवायला आणि एकदम वेग घेताना जादा जोर पुरवायला ही बॅटरी लागते. मिराईमध्ये तिची क्षमता सव्वा युनिटच्या आसपास आहे. बॅटरीच्या मोटारीत ती पन्नास-साठ युनिटही असते.

मिराईच्या तीन टाक्यांत ७०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे ७०० पट दाबाने, ५.६ किलो हायड्रोजन मावतो. तो भरायला साधारण पाच मिनिटे लागतात आणि तेवढ्यावर चाचणीत सुमारे ६५० किलोमीटर अंतर कापले जाते. बॅटरीची गाडी जलद चार्जरवरही इतक्या लवकर भरत नाही, आणि मोठ्या पल्ल्यासाठी तिला जड बॅटरी वाहावी लागते.

या सोयीची किंमत शंभर किलोमीटरच्या हिशेबात दिसते. त्या अंतराला मिराईला सुमारे ०.८६ किलो हायड्रोजन लागतो आणि जवळजवळ पावणेआठ लिटर पाणी तयार होते. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला ५० ते ५५ युनिट वीज जाते. तो दाबून भरण्याचा खर्च धरला, तर शंभर किलोमीटरसाठी मुळात ५० युनिटच्या आसपास वीज लागते. तेवढ्याच आकाराच्या बॅटरीच्या गाडीचे काम चार्जिंगमधली गळती धरूनही सुमारे २० युनिटमध्ये होते. विजेपासून हायड्रोजन आणि हायड्रोजनपासून पुन्हा वीज, या प्रत्येक टप्प्यावर काही ऊर्जा उष्णता होऊन निसटते.

आज जगातला बराचसा हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून तयार होतो. अशा हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीच्या नळीतून पाणीच पडते. कार्बन डायऑक्साइड मात्र दूरच्या कारखान्यात आधीच बाहेर पडलेला असतो.

म्हणूनच रोज शहरात फिरून रात्री घरी चार्जिंगला लागणाऱ्या मोटारीसाठी बॅटरी सरस ठरते. बॅटरीचे वजन आणि चार्जिंगचा वेळ जिथे परवडत नाही, अशा लांब पल्ल्याच्या ट्रक आणि बसगाड्यांसाठी इंधन घटाचा विचार अधिक होतो. पुण्यात २०२२ साली केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केलेले देशी इंधन घटावरचे वाहन दाखवले गेले, तेही बसच होते.