ओट्याचं फडकं

धुऊन वाळत घातलेलं फडकं ओलं केलं की पुन्हा कुबट वास येतो. याचा अर्थ धाग्यांत तेल शिल्लक आहे आणि त्याला धरून जंतूही. नुसत्या थंड पाण्यात साबण लावून घासलं, तर फोडणीचं तेल निघत नाही, उलट पसरतं. अशी फडकी कपड्यांसोबत मशीनमध्ये टाकली, तर तोच तेलकटपणा शर्टावर आणि बाळाच्या झबल्यावर बसतो.

यावर धुण्याचा सोडा कामी येतो, खाण्याचा नव्हे. स्टीलच्या जुन्या पातेल्यात दोन लिटर कडकडीत पाणी, एक मोठा चमचा सोडा आणि थोडी साबण पावडर घालून सुती फडकी अर्धा तास भिजवावी. ॲल्युमिनियमचं भांडं नको, सोड्याने ते काळवंडतं. पाणी पिवळट, बुळबुळीत झालं की तेल सुटलं समजा. ते ओतून फडकी चोळावी आणि स्वच्छ पाण्यात दहा मिनिटं उकळावी. सोड्याने हात कोरडे पडतात, म्हणून हातमोजे घालावेत.

पोछ्याची बादली मात्र वेगळीच ठेवावी. बाथरूम पुसलेलं कापड ओट्याच्या फडक्यांत मिसळू नये. मायक्रोफायबर उकळू नये, कोमट पाणी पुरे. ब्लीच वापरलंच, तर त्यात व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही घालू नका, विषारी वायू निघतो.

शेवटी ऊन. पावसाळ्यात ते नसेल, तर फडकी चुरगाळून न ठेवता पंख्याखाली पसरून पूर्ण वाळवावी. तेल राहिलेली फडकी ड्रायरमध्ये टाकू नयेत, ती तापून पेट घेऊ शकतात.