ॲप पुसण्याआधीचे बारा शब्द

फोनमधून मेटामास्कसारखे वॉलेट ॲप काढले, तरी नाणी जागची हलत नाहीत. ती ब्लॉकचेनवरच्या पत्त्यावर असतात. फोनमध्ये असते ती फक्त त्यांची किल्ली. ॲपबरोबर किल्ली पुसली जाते आणि मग उरतात ते बारा इंग्रजी शब्द. ॲपचा पासवर्ड इथे कामाचा नाही, कारण तो त्याच फोनपुरता असतो.

म्हणून आधी पैसे हलवावेत. समजा, वॉलेटमध्ये इथेरियमवरचे यूएसडीटी आणि थोडे इथर आहे. पहिल्यांदा अगदी लहान रक्कम नव्या पत्त्यावर पाठवावी, ती पोचल्याचे पाहावे आणि मगच बाकीचे यूएसडीटी पाठवावेत. इथर मात्र शेवटी! व्यवहाराचे शुल्क त्यातूनच जाते. ते आधी संपवले तर यूएसडीटी समोर दिसत राहतात, पण हलत नाहीत.

मग शब्दांची परीक्षा. कागदावर शब्द आहेत एवढ्यावर विसंबू नये. जुने ॲप तसेच ठेवून, घरातल्या दुसऱ्या विश्वासू फोनवर अधिकृत ॲप घ्यावे, कागदावरूनच शब्द भरावेत आणि 0x ने सुरू होणारा पत्ता जुन्याशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा. एखादा शब्द चुकला किंवा क्रम बदलला, तर ॲप बहुतेकदा ते नाकारते. कधी मात्र निमूटपणे भलतेच, रिकामे वॉलेट उघडते.

खासगी किल्ली टाकून बाहेरून जोडलेले खाते या बारा शब्दांतून परत येत नाही. त्याची किल्ली वेगळी उतरवून घ्यावी लागते. शब्दांचा स्क्रीनशॉट काढू नये; तो ऑनलाइन फोटोसाठ्यात आपोआप जाऊ शकतो.