कर्जाने कंपनीची किंमत वाढते का?

कंपनीला लागणारा पैसा दोन वाटांनी येतो: भागधारकांचे भांडवल आणि कर्ज. कर्जाचे व्याज भागधारकांना अपेक्षित असलेल्या परताव्यापेक्षा कमी असते. त्यामुळे कर्ज वाढवले की भांडवल स्वस्त पडेल आणि कंपनीची किंमत वाढेल, असे साहजिकच वाटते. फ्रँको मोदिल्यानी आणि मर्टन मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी 1958 मध्ये हा समज खोडून काढला. कर नसेल आणि बाजार सुरळीत चालत असेल, तर कंपनीची किंमत तिच्या धंद्याच्या कमाईवर ठरते. ती कमाई भागधारक आणि सावकार यांच्यात कशी वाटली जाते यावर नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यांचा युक्तिवाद समजण्यासाठी दोन काल्पनिक कंपन्या घेऊ. दोघींचा धंदा अगदी सारखा आणि व्याजापूर्वीचा नफा वर्षाला 10 लाख रुपये. पहिलीवर कर्ज नाही आणि तिच्या सगळ्या शेअरांची किंमत 1 कोटी आहे. दुसरीने 6 टक्क्यांनी 50 लाखांचे कर्ज काढले आहे. 3 लाख व्याज भरून तिच्या भागधारकांना 7 लाख उरतात. समजा, कर्जाच्या कौतुकापोटी बाजाराने तिच्या शेअरांना 60 लाख भाव दिला. म्हणजे कर्ज धरून तिची किंमत 1 कोटी 10 लाख झाली.

आता या दुसऱ्या कंपनीचे 10 टक्के शेअर असलेल्या माणसाचा हिशेब पाहू. त्याचे शेअर 6 लाखांचे आहेत आणि वर्षाला 70 हजार देतात. ते विकून त्याने स्वतःच्या नावावर 6 टक्क्यांनी 5 लाख कर्ज काढले आणि पहिल्या कंपनीचे 10 टक्के शेअर 10 लाखांना घेतले, तर त्याच्या वाट्याला 1 लाख नफा येतो. त्यातून 30 हजार व्याज गेले की उरतात तेच 70 हजार, आणि वर 1 लाख रुपये हातात मोकळे राहतात. धंदा बसून नफा 5 लाखांवर आला तरी दोन्हीकडे 20 हजारच मिळतील, म्हणजे जोखीमही तीच. असा फुकटचा फायदा दिसल्यावर लोक दुसरीचे शेअर विकत राहणार आणि पहिलीचे घेत राहणार. दोन्ही कंपन्यांची एकूण किंमत सारखी होईपर्यंत हे थांबत नाही.

पहिलीची किंमत 1 कोटीच राहिली असे धरले, तर दुसरीचे शेअर 50 लाखांवर येतात. त्यांवर 7 लाख म्हणजे 14 टक्के परतावा. कर्ज नसताना तो 10 टक्के होता. वाढलेले 4 टक्के ही बक्षिशी नव्हे, वाढलेल्या जोखमीचा तो मोबदला आहे. 14 आणि 6 यांची सरासरी पुन्हा 10 टक्केच भरते. स्वस्त कर्जाने जे वाचते, ते भागधारक जास्त परतावा मागून वसूल करतात.

कर आला की चित्र बदलते. व्याज हा खर्च मानला जातो आणि करापूर्वी वजा होतो; लाभांश मात्र कर भरल्यावर उरलेल्या नफ्यातून जातो. कराचा दर 25 टक्के धरला, तर पहिली कंपनी 10 लाखांवर अडीच लाख कर भरते आणि मालकांना साडेसात लाख उरतात. दुसरीचा कर 7 लाखांवरच लागतो, म्हणजे 1 लाख 75 हजार. तिचे सावकार आणि भागधारक यांना मिळून 8 लाख 25 हजार मिळतात. दरवर्षी वाचणारे हे 75 हजार सरकारच्या वाट्यातून येतात. कर्ज कायम राहिले आणि ही बचत कर्जाइतकीच खात्रीची मानली, तर 6 टक्क्यांनी तिचे आजचे मूल्य साडेबारा लाख, म्हणजे कर्जाच्या बरोबर 25 टक्के होते. मूळ लेखातली करासंबंधीची मांडणी सदोष होती. ती दोघांनी 1963 मध्ये दुरुस्त केली, तेव्हा हा नियम पुढे आला.

तो शब्दशः घेतला तर प्रत्येक कंपनीने गळ्यापर्यंत कर्ज काढायला हवे. तसे होत नाही, याचे एक कारण मिलर यांनी 1977 मध्ये दिले: पैसे घेणाऱ्यालाही कर असतो. कंपनीने कमावलेले 100 रुपये व्याज म्हणून 30 टक्के कर भरणाऱ्या माणसाकडे गेले, तर त्याला 70 उरतात. तेच 100 रुपये कंपनीचा 25 टक्के कर भरून शेअरांच्या भाववाढीतून मिळाले आणि त्या वाढीवर साडेबारा टक्के कर लागला, तर 65 रुपये 60 पैशांच्या आसपास उरतात. 25 रुपयांचा वाटणारा फायदा साडेचार रुपयांच्याही आत येतो. लाभांशावर व्याजाइतकाच कर लागत असेल, तर मात्र कर्जाची बाजू पुन्हा वरचढ होते.

दुसरे कारण तोट्याच्या वर्षांत दिसते. करपात्र नफाच नसेल तर व्याजाने कर वाचत नाही. फार तर तोटा पुढच्या वर्षांत ओढून ती सवलत उशिरा मिळते. व्याज मात्र ठरल्या तारखेलाच भरावे लागते. हप्ते थकू लागले की पुरवठादार रोख मागतात, चांगली माणसे सोडून जातात, वकिलांचा खर्च सुरू होतो आणि दिवाळखोरीची वेळ आलीच तर यंत्रे पडत्या भावाने विकावी लागतात. हे नुकसान धंद्याच्या कमाईतूनच जाते. ते धरल्यावर कर्ज एका मर्यादेपर्यंतच परवडते, आणि नफा जितका चढउताराचा, तितकी ती मर्यादा खाली येते.