उरलेल्या हप्त्यांची आजची किंमत

३,३१,००० रुपयांचं कर्ज, दरसाल दहा टक्के व्याज, मुदत तीन वर्षं. एकूण व्याज किती? बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांना हे विचारलं तर बरेच जण शाळेतलं सरळव्याज आठवून ९९,३०० म्हणतील. सावकाराच्या कागदावर मात्र दर वर्षअखेरीला १,३३,१०० रुपयांचा एक, असे तीन समान हप्ते आहेत. म्हणजे एकूण परतफेड ३,९९,३०० आणि व्याज ६८,३००. (कर्जाची रक्कम विचित्र वाटेल, पण ती मुद्दाम घेतली आहे. पुढचे सगळे आकडे पूर्णांकात येतात आणि कुणालाही हाताने पडताळून पाहता येतात.)

दोन्ही उत्तरांत दर दहाच टक्के आहे. फरक पडतो तो पैसा कधी परत गेला यामुळे.

पैशाचं कालमूल्य म्हणजे इतकंच, की आज हातात असलेला रुपया आणि वर्षाने मिळणारा रुपया यांची किंमत सारखी नसते. महागाई हे त्याचं एक कारण आहे, पण एकमेव नाही. महागाई शून्य असली तरी आजचा रुपया कामाला लावता येतो आणि वर्षाने त्यात भर पडते. दहा टक्क्यांनी आजचे १०० रुपये वर्षाने ११० होतात. तेव्हा वर्षाने मिळणाऱ्या ११० रुपयांची आजची किंमत १००. पुढच्या रकमेला १.१० ने भागून मागे आणणं यालाच डिस्काउंटिंग म्हणायचं. दोन वर्षांनी मिळणारी रक्कम असेल तर दोनदा भागायचं, म्हणजे १.२१ ने. तीन वर्षांसाठी १.३३१ ने.

आता हे आपल्या हप्त्यांवर करून पाहू. पहिल्या वर्षअखेरीच्या १,३३,१०० ला १.१० ने भागलं तर १,२१,००० येतात. दुसऱ्या हप्त्याला १.२१ ने भागलं तर १,१०,०००, तिसऱ्याला १.३३१ ने भागलं तर बरोबर १,००,०००. तिन्हींची बेरीज ३,३१,०००, म्हणजे कर्जाची रक्कम. समान हप्ता ठरतो तो असा: सगळ्या हप्त्यांचं वर्तमान मूल्य आज दिलेल्या रकमेइतकं झालं पाहिजे.

याच कर्जाचा खातेउतारा लिहून बघा. पहिल्या वर्षाचं व्याज ३३,१००. हप्त्यातून ते वजा केलं की मुद्दलात जमा होतात १,००,००० आणि शिल्लक राहते २,३१,०००. दुसऱ्या वर्षी व्याज २३,१००, मुद्दल १,१०,०००, शिल्लक १,२१,०००. तिसऱ्या वर्षी व्याज १२,१००, मुद्दल १,२१,००० आणि खातं शून्यावर. मुद्दलाचे आकडे ओळखीचे वाटतात ना? एक लाख, एक लाख दहा हजार, एक लाख एकवीस हजार. हीच ती वर्तमान मूल्यं, फक्त उलट्या क्रमाने.

पहिल्या हप्त्यानंतरची शिल्लक २,३१,००० ही उरलेल्या दोन हप्त्यांची त्या दिवशीची किंमत आहे: १,२१,००० अधिक १,१०,०००. दुसऱ्या हप्त्यानंतरची शिल्लक १,२१,००० ही शेवटच्या एका हप्त्याची. कर्जाची कोणत्याही दिवशीची शिल्लक म्हणजे उरलेल्या हप्त्यांचं त्या दिवशीचं वर्तमान मूल्य. डिस्काउंटिंग हे वित्ताच्या पुस्तकातलं वेगळं प्रकरण आहे आणि व्याजाच्या नोंदी हे हिशेबाचं वेगळं, असं विद्यार्थ्यांना वाटत राहतं. प्रत्यक्षात तो एकच हिशेब आहे. मुदतीआधी कर्ज फेडायला गेलेल्याला सावकाराने सांगितलेली रक्कम बरोबर आहे का, हे दंड वेगळा काढून याच एका नियमाने तपासता येतं.

मग ९९,३०० चं काय? ते उत्तर सर्वस्वी काल्पनिक नाही. दुचाकीच्या किंवा वैयक्तिक कर्जात ‘फ्लॅट रेट’ म्हणून सांगतात तो हाच हिशेब. मूळ रकमेवर तिन्ही वर्षांचं व्याज लावायचं, मुद्दलात मिळवायचं आणि तीनने भागायचं. एकूण ४,३०,३००, हप्ता १,४३,४३३. मुद्दल दर वर्षी फिटत असतं, व्याज मात्र पूर्ण रकमेवर चालूच राहतं. दहा टक्क्यांनी हे हप्ते मागे आणले तर त्यांची आजची किंमत सुमारे ३,५६,७०० भरते. हातात पडतात ३,३१,०००. म्हणजे दर दहा टक्के नाहीच. खरा दर शोधण्यासाठी आकडे घालून पाहायचे. १४ टक्क्यांनी किंमत जवळपास ३,३३,००० येते, म्हणजे अजून थोडी जास्त. १५ टक्क्यांनी ती ३,२७,५०० च्या आसपास उतरते, म्हणजे कमी. खरा दर मधे, सुमारे १४.४ टक्के.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी मुख्य तथ्यांचं विवरणपत्र देणं आणि त्यात शुल्कासह वार्षिक टक्केवारी दर दाखवणं बंधनकारक केलं. हे पाऊल मला फार मोलाचं वाटतं, कारण त्या पत्रकातला दर वर केला तसाच काढलेला असतो आणि दोन कर्जं त्याच्या आधारे शेजारी ठेवता येतात.

इथे एक चूक हमखास होते. एकूण व्याज ज्याचं कमी ते कर्ज स्वस्त, असं समजलं जातं. आपलंच कर्ज पाच वर्षांचं केलं तर हप्ता ८७,३१७ होतो आणि एकूण व्याज १,०५,५८५. म्हणून ते महाग? दहा टक्क्यांनी त्याचंही वर्तमान मूल्य ३,३१,००० च आहे. व्याज जास्त दिसतं कारण पैसे जास्त काळ वापरले. वेगवेगळ्या वर्षांतले रुपये तसेच एकत्र मिळवले की अशी फसगत होते. कोणतं कर्ज सोयीचं हे घेणाऱ्यावर ठरतं. त्याचे पैसे सात टक्क्यांच्या ठेवीत पडून राहणार असतील तर लांब मुदत तोट्याची, धंद्यात चौदा टक्के सुटत असतील तर फायद्याची. डिस्काउंटचा दर कर्जाच्या कागदावरून आपोआप मिळत नाही, तो परिस्थिती पाहून निवडावा लागतो, आणि तो चुकला तर भागाकार बिनचूक असूनही निर्णय चुकतो. दुसरी चूक काळाची. हप्ते महिन्याचे असतील तर दरही महिन्याचाच घ्यायचा. दरसाल १२ टक्के म्हणजे दरमहा एक टक्का, आणि ३६ महिने म्हणजे ३६ वेळा भागाकार.

शेवटी प्रक्रिया शुल्काकडे पाहू. पहिल्या कर्जावर दोन टक्के शुल्क, म्हणजे ६,६२० रुपये, आधीच कापले तर हातात येतात ३,२४,३८०. हप्ता तोच, १,३३,१००. आता या हप्त्यांची आजची किंमत ३,२४,३८० व्हावी असा दर शोधला तर तो ११.२ टक्क्यांच्या आसपास निघतो. इंड एएस १०९ हे मानक लागू असलेली कंपनी साधारणपणे हे शुल्क पहिल्याच वर्षी खर्चात टाकत नाही. ती कर्ज ३,२४,३८० ला नोंदवते आणि दर वर्षी सुरुवातीच्या शिल्लकीवर या प्रभावी दराने व्याजखर्च लिहिते. त्यामुळे पहिल्या वर्षाचा व्याजखर्च ३३,१०० ऐवजी सुमारे ३६,२०० येतो आणि तीन वर्षांचा मिळून ७४,९२०, म्हणजे ६८,३०० व्याज अधिक ते ६,६२० शुल्क.