सांडव्याचे गणित

तुडुंब भरलेल्या पाझर तलावात 3 तासांचा पूर शिरला. आवक एकसारखी वाढत सेकंदाला 60 घनमीटरवर गेली आणि तशीच उतरली, असे धरू. सांडव्यावरून पाणी वाहायला आधी पातळी चढावी लागते. तेवढे पाणी तलावात थोपते. ओसरती आवक विसर्गाइतकी होते, त्या क्षणी साठा आणि विसर्ग दोन्ही सर्वाधिक असतात. हा विसर्ग 40 वर रोखायचा तर ढोबळ हिशेबाने 1,08,000 घनमीटर पूरसाठा लागतो. पाण्याचा पसारा 9 हेक्टर असेल, तर पातळी 1.2 मीटर चढेल आणि सांडवा सुमारे 18 मीटर लांब लागेल. अंतिम आराखड्यासाठी मात्र दर दहा मिनिटांची आवक-जावक मांडावी. विसर्गाचे शिखर आवकेच्या उतरत्या रेषेवर पडले नाही, तर हिशेब चुकला आहे.