सहा तिकिटं, बिघाड एकच

२२ सप्टेंबर २०२५ रोजी शाम्पू, टूथपेस्ट, अंगाचा साबण आणि केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दुकानात जाणाऱ्याला किंमत उतरलेली दिसली. या वस्तू दुकानांना पुरवणाऱ्या वितरकाला मात्र त्या दिवसापासून दोन दरांचा हिशेब एकाच वेळी सांभाळावा लागला. २१ तारखेपर्यंत विकलेला माल १८ टक्क्यांचा, त्यानंतरचा ५ टक्क्यांचा. हा हिशेब हातानं कोणी करत नाही. बिलं, साठा, उधारी आणि कर एकत्र सांभाळणारं ईआरपी सॉफ्टवेअर तो करतं, आणि ते चालू ठेवण्यासाठी विक्रेत्या कंपनीला दरवर्षी देखभालीचे पैसे दिले जातात.

ते चुकायला लागलं की तक्रारीचं तिकीट काढलं जातं. तेच तिकीट पुन्हा पुन्हा काढावं लागलं, तर शेवटी पेढीचा मालक स्वतः पत्र लिहायला बसतो. पत्र लिहिताना त्याच्या मनात राग असतो, आणि तो साहजिकच आहे. पण नुसत्या रागाच्या पत्राला ‘आपली गैरसोय झाली, दिलगीर आहोत’ एवढंच उत्तर येतं. काम करून घेणारं पत्र कसं असतं, ते एका उदाहरणावरून पाहू.

सांगलीत साबण-शाम्पूचं वितरण करणारी एक पेढी धरू. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे. सेल्समन तासगाव, विटा, कवठेमहांकाळ या मार्गांवर फिरतो, ऑर्डर घेतो आणि खराब झालेला किंवा न खपलेला माल परत आणतो. एका दुकानदाराला १० सप्टेंबरला १०,००० रुपयांचा शाम्पू गेला. त्यावर १,८०० रुपये कर, म्हणजे एकूण बिल ११,८०० रुपयांचं. ऑक्टोबरमध्ये तो सगळा माल परत आला. अशा वेळी वितरकानं दुकानदाराला क्रेडिट नोट द्यायची असते, आणि त्या नोटेवरचा कर मूळ बिलाच्याच दरानं धरायचा असतो. आज दर काय आहे, याचा तिथे संबंध नाही. म्हणजे नोट ११,८०० रुपयांचीच व्हायला हवी.

संगणकानं ती १०,५०० रुपयांची काढली.

वस्तूंच्या यादीत, म्हणजे आयटम मास्टरमध्ये, शाम्पूसमोर आता ५ टक्के लिहिलेलं आहे. सॉफ्टवेअरनं मूळ बिल न पाहता दर तिथून उचलला. दुकानदाराच्या खात्यावर १,३०० रुपये येणं दिसू लागलं. ‘सगळा माल परत दिला, मग हे तेराशे कसले?’ असं त्यानं विचारलं आणि पुढच्या बिलाची वसुली अडवून धरली. इकडे वितरकानं सप्टेंबरच्या विक्रीवर १,८०० रुपये कर सरकारजमा केला होता. त्यातले ५०० रुपयेच कमी झाले, उरलेले त्याच्या खिशातून गेले. महिन्याभरात जुन्या बिलांचा १,८०,००० रुपयांचा माल असा परत आला, तर १३ टक्क्यांच्या फरकानं २३,४०० रुपये अडकतात. सरकारी पोर्टलही ही चूक पकडत नाही. क्रेडिट नोटेसाठी मूळ बिलाचा क्रमांक ते सक्तीनं मागत नाही.

पहिलं तिकीट ६ ऑक्टोबरला गेलं. कंपनीच्या मुलानं दुरून संगणकाचा ताबा घेतला, त्या नोटेतला कर दुरुस्त केला आणि तिकिटावर ‘डेटा करेक्ट केला’ असा शेरा मारून ते बंद केलं. १४ ऑक्टोबरला दुसऱ्या दुकानाची नोट तशीच निघाली, दुसरं तिकीट गेलं, दुरुस्ती झाली, बंद झालं. २९ ऑक्टोबरचं तिकीट ‘ग्राहकाकडून उत्तर नाही’ म्हणून आपोआप मिटलं, कारण प्रश्न विचारणारा ईमेल बिलिंग करणाऱ्या मुलाच्या खात्यावर आला होता आणि तो मुलगा त्या आठवड्यात सुट्टीवर होता. चौथं तिकीट ११ नोव्हेंबरचं. ऑक्टोबरचं जीएसटीआर-१ विवरणपत्र भरायचा तो शेवटचा दिवस. मग २५ नोव्हेंबर, मग १२ डिसेंबर. ६७ दिवसांत सहा तिकिटं, आणि सहाही बंद.

या ठिकाणी मालकाला एक गोष्ट कळायला हवी, कारण पत्राचा सगळा भार तिच्यावर आहे. देखभाल करारात साधारणपणे किती तासांत प्रतिसाद मिळेल आणि किती तासांत तिकीट निकाली निघेल, हे लिहिलेलं असतं. हे घड्याळ प्रत्येक तिकिटाला नव्यानं लागतं. त्यामुळे कंपनीच्या अहवालात सहा तक्रारी आल्या, सहाही मुदतीत मिटल्या, असं दिसतं. वितरकाच्या हिशेबात तक्रार एकच आहे आणि ती ६७ दिवस उघडी आहे. कंपनी खोटं बोलते असं नाही. ती प्रत्येक घटना मोजते आणि घटनांमागचा बिघाड कोणीच मोजत नाही. सॉफ्टवेअर सेवेच्या धंद्यात या दोहोंच्या नोंदी वेगळ्या ठेवायची पद्धत चांगली रुळलेली आहे. घटनेची नोंद मदतकक्षाकडे असते आणि बिघाडाची नोंद प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे जाते. सांगलीची तक्रार त्या दुसऱ्या टेबलापर्यंत पोहोचलीच नाही.

त्याहून गंभीर गोष्ट त्या ‘डेटा करेक्ट केला’ या शेऱ्यात आहे. ५ कोटींवर उलाढाल असलेल्या पेढीला जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराची क्रेडिट नोटही ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर नोंदवावी लागते. तिथे तिला एक क्रमांक मिळतो. त्यानंतर ती तिथे दुरुस्त करता येत नाही, फक्त रद्द करता येते, आणि तीही २४ तासांच्या आत. मदतकक्षातल्या मुलानं तिसऱ्या दिवशी पेढीच्या संगणकात १०,५०० चे ११,८०० केले, तेव्हा वह्या बरोबर झाल्या, पण पोर्टलवर १०,५०० च राहिले. आता दोन ठिकाणी दोन आकडे आहेत. हा फरक पुढे सीएच्या ताळमेळात निघतो, आणि तोवर दुरुस्ती कोणी केली हे सांगणारं माणूस सापडत नाही. अशी परस्पर दुरुस्ती मालकानं पहिल्याच दिवशी नाकारायला हवी, किंवा निदान लेखी मागायला हवी.

पत्र लिहिण्याआधी मालकानं एक चाचणी स्वतः करावी, कारण चूक आपल्याकडचीही असू शकते. सेल्समन माल परत आणतो तेव्हा बिल क्रमांक आणतोच असं नाही. बिलाचा संदर्भ न देता नोट केली, तर मूळ दर सॉफ्टवेअरला कुठून कळणार? म्हणून २२ सप्टेंबरपूर्वीचं एक बिल घ्यावं. एकदा संदर्भ न देता आणि एकदा त्याच बिलाचा क्रमांक निवडून परतीची नोंद करून पाहावी, जतन मात्र करू नये. संदर्भ दिल्यावर १८ टक्के आले, तर सॉफ्टवेअर ठीक आहे आणि गोदामातली सवय बदलायची आहे. संदर्भ देऊनही ५ टक्केच आले, तर बिघाड सॉफ्टवेअरचा. दोन्ही पडद्यांचे फोटो काढून ठेवावेत.

आपल्या उदाहरणात संदर्भ देऊनही ५ टक्केच आले. मग पत्राचा गाभा असा होतो:

“महोदय, स. न. वि. वि. ६ ऑक्टोबर ते १२ डिसेंबर २०२५ या काळात आम्ही एकाच बिघाडाची सहा तिकिटं नोंदवली. त्यांचे क्रमांक, तारखा आणि बंद करतानाचे आपले शेरे सोबत जोडले आहेत. बिघाड असा: मूळ बिलाचा क्रमांक निवडूनही परतीच्या क्रेडिट नोटेवर कराचा दर मूळ बिलातून न येता आयटम मास्टरमधून येतो. तो आपल्याला पाहता यावा म्हणून पायऱ्या आणि पडद्यांचे फोटो जोडले आहेत. प्रत्येक वेळी आपण ती एक नोट दुरुस्त केलीत, पुढची नोट पुन्हा चुकली. ही सहा तिकिटं आम्ही एकच न सुटलेली तक्रार मानतो आणि तिची तारीख ६ ऑक्टोबर धरतो.”

यात एकही कडक शब्द नाही, आणि तरी सुटायला वाट नाही. मागण्याही तितक्याच नेमक्या हव्यात. सहा तिकिटांचा एकच क्रमांक करून द्यावा. बिघाडाचं कारण लेखी कळवावं. दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या तारखेला येणार ते सांगावं. तोपर्यंत दर हातानं बदलण्याची सोय आमच्या एका माणसाला द्यावी. आजवर मागच्या दारानं बदललेल्या सर्व नोटांची यादी, बदल करणाऱ्याच्या नावासह, द्यावी. आणि आमच्या लेखी होकाराशिवाय यापुढे कोणतंही तिकीट बंद करू नये. पत्र मदतकक्षाच्या पत्त्यावर पाठवलं, तर त्याचं सातवं तिकीट होतं. ते करारावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे, करारात दिलेल्या पत्त्यावर, ईमेल आणि स्पीड पोस्ट अशा दोन्ही मार्गांनी जायला हवं.

भरपाई मागताना जपून लिहावं. धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून ग्राहक आयोगाचा रस्ता अशा पेढीला सहसा मोकळा नसतो. उरतो तो करार आणि १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याचं कलम ७३ करारभंगातून सरळ उद्भवलेलं नुकसान मान्य करतं, लांबचं करत नाही. नुकसान टाळायला हाताशी काय उपाय होते, हेही ते विचारात घेतं. म्हणून ‘आमची बाजारातली पत गेली’ या वाक्यापेक्षा कमी झालेल्या कराची नोटवार यादी, सीएनं जादा कामाचं घेतलेलं बिल आणि अडलेल्या वसुलीच्या तारखा जास्त उपयोगी पडतात. करारात भरपाईची कमाल मर्यादा आणि लवादाचं कलम आहे का, ते पत्राआधी वाचून घ्यावं. देखभालीचा हप्ता रागानं थांबवणं हा सर्वांत धोक्याचा मार्ग. मग करार आपणच मोडल्यासारखं दिसतं आणि ऐन विवरणपत्राच्या दिवशी सेवा बंद होऊ शकते. हप्ता निषेध नोंदवून भरावा, आणि आपल्या सगळ्या नोंदींची वाचता येण्याजोगी प्रत मागून ठेवावी.

एक तारीख मात्र पत्रात ठळक लिहायलाच हवी. २०२५-२६ या आर्थिक वर्षातल्या बिलांच्या क्रेडिट नोटा विवरणपत्रात दाखवून कर कमी करून घेण्याची मुदत ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे. वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं, तर ती मुदत त्याच दिवशी संपते.